छोटी वेबसाइट विकत घेताना या चुका टाळा

चालत्या वेबसाइटची किंमत बहुतेकदा महिन्याच्या नफ्याच्या पटीत सांगितली जाते. जाहिरातींवर चालणाऱ्या छोट्या साइटसाठी २४ ते ३६ पट हे आकडे नेहमी कानावर येतात. घासाघीस होते ती या पटीवर. फसगत होते ती नफ्याच्या आकड्यात.

समजा, एक साइट जानेवारीत विक्रीला आली आहे. विकणारा म्हणतो, महिना ९०० डॉलर, ३० पट, म्हणजे २७,००० डॉलर. आता ९०० कुठून आले ते पाहा. ही ऑक्टोबर ते डिसेंबरची सरासरी आहे. वर्षअखेरीस जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारीत दर खाली येतात. पूर्ण बारा महिन्यांची कमाई मागितली तर ती ६,००० डॉलर निघते, म्हणजे महिना ५००. होस्टिंगचे २० गेले. लेख मालक स्वतःच लिहितो, म्हणून तो खर्च शून्य दाखवतो; तुम्हाला मात्र लेखकाला महिना ८० द्यावे लागतील. उरले ४००. त्याच ३० पटीने किंमत झाली १२,०००.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो दोन मिनिटांत बदलता येतो. गूगल शोधातून येणारे क्लिक दाखवणारं सर्च कन्सोल आणि वाचकांची मोजणी करणारं अ‍ॅनालिटिक्स, या दोन्हींत पाहण्यापुरता प्रवेश मागा. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती असते, त्यामुळे यंदाचा महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडता येतो. तिथेच पानांची यादी उघडा. आपल्या उदाहरणात ६० टक्के क्लिक एकाच लेखावर आहेत असं दिसलं, तर तो लेख शोधात घसरला की साइटही घसरली. अशा साइटला मी २४ पटीच्या वर जाणार नाही: ९,६०० डॉलर. प्रवेश द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्यावा.

विकणाऱ्याच्या ‘अजून खूप वाव आहे’ या वाक्याचे पैसे देऊ नका. मेहनत तुम्ही करणार, मग तिची किंमत त्याला आधीच कशाला?

डोमेनचा जुना इतिहास archive.org वर पाहा. मध्येच तिथे जुगाराची किंवा भलत्याच भाषेतली पानं दिसली, तर नावाचं वय काही कामाचं नाही.

ताबा मिळाल्यावर होणारी मोठी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात थीम, मेनू आणि पानांचे पत्ते एकदम बदलणं. मग वाचक घटले तर नेमकं कशामुळे, हे कळतच नाही. एका वेळी एकच बदल करा आणि काही आठवडे आकडे पाहा. पानाचा पत्ता बदलावाच लागला, तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावा. गूगलच्या जाहिरातींचं अ‍ॅडसेन्स खातं साइटबरोबर येत नाही. तुमच्या खात्यात साइटला नव्याने मंजुरी घ्यावी लागते, तेवढ्या रिकाम्या दिवसांचा हिशेब आधीच धरा.

पुढे विकायची असेल तर सुधारणेनंतरचे बारा महिने हाताशी असू द्या. तीन महिन्यांची चढती कमाई दाखवलीत, तर समोरचाही तुमच्यासारखाच बाकीचे नऊ महिने मागेल.