दारामागची आग-सूचना मराठीत आणताना या चुका टाळा

सोलापूर स्थानकाच्या परिसरातील लॉजांमध्ये अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूरला जाणारे यात्रेकरू एका रात्रीसाठी उतरतात, आणि त्यांतल्या अनेकांना खोलीच्या दारामागे चिकटवलेला इंग्रजी कागद वाचता येत नाही. तो मराठीत करून द्यावा अशी मागणी येते, तेव्हा बहुतेक वेळा मालक मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवतात आणि संध्याकाळपर्यंत मजकूर हवा असतो. मी अशी कामे करतो, आणि या कामातली सर्वांत घातक चूक शब्दांची नसून दिशेची असते, हे मला एका लॉजच्या कामात कळले.

फोटो तिसऱ्या मजल्यावरील ३०४ क्रमांकाच्या खोलीचा होता. कागदावर मजल्याचा आराखडा होता: मधोमध पूर्व-पश्चिम पॅसेज, त्याच्या दक्षिणेला ३०१ ते ३०५ आणि उत्तरेला ३०६ ते ३१० या खोल्या, पूर्व टोकाला जिना, पश्चिम टोकाला लिफ्ट. उत्तर वरच्या बाजूला होती आणि ३०४ मधून निघालेला बाण उजवीकडे, जिन्याकडे जात होता. मी सरळ लिहिले, ‘दाराबाहेर पडून उजवीकडे वळा, पॅसेजच्या टोकाला जिना आहे.’ ३०४ साठी हे अगदी बरोबर होते, कारण त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याचे तोंड उत्तरेकडे असते आणि पूर्व त्याच्या उजव्या हाताला येते. व्यवस्थापकांनी मात्र त्याच मजकुराच्या दहा प्रती काढून मजल्यावरील दहाही दारांमागे लावायचे ठरवले होते.

समोरच्या रांगेतल्या ३०८ मधून बाहेर पडणाऱ्याचे तोंड दक्षिणेकडे असते, म्हणून त्याचा जिना डावीकडे येतो. माझे वाक्य त्याला उजवीकडे, म्हणजे धुराने भरलेल्या पॅसेजमधून बंद टोकाकडे आणि लिफ्टकडे पाठवत होते. शिवाय त्याच्या दारावर तोच आराखडा तसाच लावला, तर तो त्याच्या दृष्टीने उलटा होतो: दाराकडे तोंड करून उभे राहिल्यावर कागदावरचा बाण उजवीकडे दिसतो आणि प्रत्यक्षात वळायचे असते डावीकडे. ‘आपण येथे आहात’ हा ठिपकाही अजून ३०४ वरच असतो. म्हणूनच अशा आराखड्यांसाठीचे आयएसओ २३६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की, आराखडा पाहणारा जिथे उभा आहे तिथून त्याला समोर जे दिसते त्याच्याशी तो जुळला पाहिजे.

यावर उपाय सोपा आहे, पण तो एकाच फोटोवरून होत नाही. प्रत्येक खोलीच्या दाराचा वेगळा फोटो मागवावा, त्यासोबत उघड्या दारातून पॅसेजच्या दोन्ही बाजूंचे एकेक छायाचित्र घ्यावे, आणि दोन रांगांसाठी दोन वेगळे मजकूर करावेत. त्या कामात मी शेवटी स्वतः गेलो, दोन्ही रांगांतल्या दारांत उभे राहून वळणे तपासली, आणि वाक्यात नुसत्या ‘उजवीकडे’ ऐवजी ‘उजवीकडे वळा, ३०५ च्या दारावरून पुढे गेल्यावर जिना’ अशी खूण घातली. डावे-उजवे घाईत चुकते, दारावरचा क्रमांक सहसा चुकत नाही. ३०८ च्या मजकुरात ‘डावीकडे वळा’ आणि खूण ३०९ व ३१० ची आली, आणि आराखडा १८० अंशांत फिरवून त्यातली अक्षरे पुन्हा सरळ लावावी लागली.

फोटोतून हरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे रंग. मूळ कागदावर ‘हिरव्या बाणांनी जा’ असे असते, आणि लॉजमधले छापील काम पुष्कळदा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर होते. तिथे हिरवा बाण आणि लाल अग्निशामक सिलिंडरची खूण दोन्ही राखाडी दिसतात. रंगीत छपाई होणार नसेल, तर ‘जाड बाणाने दाखवलेल्या मार्गाने’ असे लिहावे आणि आराखड्यातला बाणही तसा जाड करून घ्यावा. लॅमिनेशनवर फ्लॅश पडून चमकलेला भाग मात्र अंदाजाने कधीही भरू नये; फ्लॅश बंद करून थोडे तिरके धरून पुन्हा फोटो मागवावा.

आता शब्दांकडे. ‘कीप लो’ चे ‘खाली राहा’ असे भाषांतर मी छापलेले पाहिले आहे, आणि वाचणाऱ्याला ते खालच्या मजल्यावर थांबायला सांगते. धूर वर साचतो, स्वच्छ हवा जमिनीलगत राहते, म्हणून ‘वाकून किंवा रांगत पुढे जा’ असे लिहावे. ‘इव्हॅक्युएट’ साठी ‘खोली रिकामी करा’ लिहिले की लॉजमध्ये त्याचा अर्थ हिशेब चुकता करून निघणे असा होतो आणि माणूस बॅग भरायला लागतो. इथे ‘सामान न घेता लगेच बाहेर पडा’ हेच हवे. ‘क्लोज द डोअर बिहाइंड यू’ चे ‘तुमच्या मागचे दार बंद करा’ केल्यास कोणते दार ते कळत नाही. ‘बाहेर पडल्यावर खोलीचे दार ओढून घ्या, किल्ली सोबत ठेवा’ असे लिहावे. किल्ली यासाठी की, पुढे जिना धुराने भरलेला निघाला तर परत खोलीत शिरता आले पाहिजे.

‘ब्रेक ग्लास’ हे दोन शब्द सर्वांत कमी जागा घेतात आणि सर्वांत जास्त विचार मागतात. नुसते ‘काच फोडा’ वाचून कोणी खिडकीची काच फोडेल, आणि बाहेर धूर असेल तर तो आत येईल. ‘पॅसेजमधील लाल पेटीची काच फोडा, धोक्याची घंटा वाजेल’ असे लिहायचे, पण त्याआधी ती पेटी पाहायची: काही पेट्यांत काच फुटताच घंटा वाजते, काहींत काचेच्या जागी प्लास्टिकची पट्टी असते आणि ती नुसती दाबायची असते. दारामागच्या फोटोत पेटी दिसतच नाही.

अट असलेली वाक्ये मराठीत अट आधी ठेवून लिहावीत. ‘दार उघडू नका, जर ते गरम असेल’ असे इंग्रजीच्या क्रमाने लिहिले की घाबरलेला वाचक पहिले तीनच शब्द घेतो आणि गार दारामागेही बसून राहतो. ‘पालथ्या हाताने दार चाचपून पाहा. गार लागले तर सावकाश उघडून बाहेर पडा. गरम लागले तर उघडू नका, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा आणि खिडकीतून हाक द्या.’ ‘सील करा’ हा शब्द इथे नको, तो कार्यालयांना आणि दुकानांना लागतो. वाक्ये अशी तुटक असली की, कलबुर्गी-विजयपूरकडच्या पाहुण्यांसाठी त्याच कागदाचे कन्नड करणाऱ्यालाही सोपे जाते.

फोनचे आकडे फोनच्या बटणांवर असतील तसेच ठेवावेत. 101 हा क्रमांक देवनागरीत केला, तर कन्नड किंवा तेलुगू वाचणाऱ्या पाहुण्याला तो बटणांवर शोधावा लागतो. खोलीतल्या फोनवरून बाहेरची लाइन मिळण्यासाठी आधी एखादा आकडा दाबावा लागत असेल, तर तो कागदावर असतोच असे नाही. काउंटरवर विचारून घालावा. ‘असेंब्ली पॉइंट’ साठी ‘सभास्थान’ नको आणि ‘ग्राउंड’ ही नको, कारण आपल्याकडे ग्राउंड म्हणजे खेळाचे मैदान. ‘फाटकाबाहेर, पार्किंगच्या पाटीजवळ जमा’ असे नेमके ठिकाण लिहावे.

छापून झाल्यावर मी त्या लॉजमधल्या रूमबॉयला ३०८ मध्ये उभे केले, कागद एकदाच वाचायला दिला आणि पॅसेजचे दिवे बंद करायला सांगितले. तो डावीकडे वळला, भिंतीला हात लावत दोन दारे मोजली आणि जिन्याच्या कठड्यापाशी थांबला; मग तीच चाचणी आम्ही ३०४ मध्ये घेतली.