क्लायनोमीटर घेऊन शाळेची उंची मोजताना

दहावीच्या त्रिकोणमितीतला ‘उंची व अंतर’ हा भाग पहिल्यांदा शिकवणार असाल, तर एक तासिका पटांगणासाठी राखून ठेवा. क्लायनोमीटर घरीच करता येतो. अर्धवर्तुळाकार कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायची, मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवायचा आणि त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा. सरळ कड वर धरून स्ट्रॉमधून समोर बघितलं की दोरा 90 वर लोंबतो. शेंड्याकडे रोखलं की तो सरकतो. जितका सरकला तितका उन्नत कोन.

इमारतीकडे वळण्याआधी उपकरण तपासून घ्या. ज्याने बघायचं आहे त्याच्या डोळ्याच्या उंचीवर भिंतीवर खडूने खूण करा आणि सपाट जागेवरून, थोडं लांब उभं राहून ती खूण स्ट्रॉमधून बघायला लावा. दोरा 90 वरच हवा. दोन अंश इकडेतिकडे दिसला तर स्ट्रॉ तिरकी बसली आहे. ती काढून पुन्हा चिकटवा. वारा असेल तर नट स्थिर झाल्यावर जोडीदाराने दोरा कोनमापकावर बोटाने दाबून धरायचा आणि मग वाचायचा. बघणारा आणि वाचणारा वेगळा ठेवलेलाच बरा, कारण एकाच मुलाने दोन्ही केलं तर वाचताना हात खाली येतो.

लगेच टॅनचं कोष्टक काढू नका. आधी मुलांना दोरा 45 वर येईपर्यंत मागेपुढे सरकायला सांगा. तिथपासून भिंतीपर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची, झाली इमारतीची उंची. इथे गुणाकारसुद्धा लागत नाही, आणि डोळ्याची उंची का मिळवायची हे उभ्या उभ्याच कळतं. फळ्यावरच्या आकृतीत निरीक्षक म्हणजे नुसता एक बिंदू असतो, त्यामुळे ही गोष्ट तिथे निसटते.

त्यानंतर कोणत्याही अंतरावरून मोजू द्या. तळमजला आणि वर दोन मजले अशा शाळेचं उदाहरण घेऊ. भिंतीपासून 12 मीटरवर उभ्या असलेल्या मुलीचा दोरा 50 वर थांबला. हमखास प्रश्न येतो, “सर, कोन पन्नास धरायचा ना?” नाही. 90 मधून 50 वजा, म्हणजे 40. tan 40° = 0.839, त्याला 12 ने गुणलं की 10.07 मीटर. तिच्या डोळ्याची उंची 1.42 मीटर मिळवली की गच्चीच्या कठड्यापर्यंत 11.49 मीटर. 50 धरले असते तर उत्तर 15.72 आलं असतं, म्हणजे शाळेवर आणखी एक मजला चढला असता. ताळा सोपा आहे: मागे गेल्यावर उन्नत कोन कमी झाला पाहिजे. वाढत असेल तर वाचन उलटं होतंय. मोबाइलवर टॅन काढणाऱ्यांना आधी tan 45 काढायला लावा. 1 आलं नाही तर कॅल्क्युलेटर अंशांत नाही.

पाठ्यपुस्तकात कोन 30, 45, 60 असे नेमके येतात, त्यामुळे उभं कुठे राहायचं हा प्रश्नच पडत नाही. पटांगणावर मात्र सगळा खेळ त्याचाच. घरच्या उपकरणात एका अंशाची चूक धरूनच चालायचं. डोळ्याच्या वर 10 मीटर उंची असेल आणि 3.64 मीटरवर उभे राहिलात, तर कोन 70 येतो. तो 71 वाचला तर उंची 57 सेंटीमीटरने वाढते. 27.5 मीटरवर कोन 20 येतो, तिथेही एका अंशाने साधारण 55 सेंटीमीटरचा फरक पडतो. 10 मीटरवर, म्हणजे 45 अंशांना, तोच फरक 35 सेंटीमीटर. फार जवळ गेलं तर आणखी एक तोटा: तिथे टेप 10 सेंटीमीटरने चुकली तर उंची 27 सेंटीमीटरने चुकते. हे मी आधी सांगत नाही. एका गटाला भिंतीजवळ, एकाला मध्ये, एकाला कुंपणाशी उभं करतो आणि उत्तरं फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो. कुणाची उत्तरं जास्त पांगली हे मुलंच बोट दाखवून सांगतात.

खरी उंची कळायला जिना वापरा. गच्चीवरून दोरी सोडायला मुलांना पाठवू नका. जमिनीपासून गच्चीपर्यंत, जोत्याच्या धरून 63 पायऱ्या, प्रत्येकीची उंची 16.5 सेंटीमीटर, म्हणजे 10.40 मीटर. त्यात एक मीटरचा कठडा मिळवून 11.40. वरच्या मुलीच्या उत्तरात 9 सेंटीमीटरचाच फरक आहे, पण 12 मीटरवर एक अंश 36 सेंटीमीटरचा असतो, तेव्हा त्यात थोडं नशीबही आहे. वहीत ‘11.49 मीटर, 36 सेंटीमीटर कमी-जास्त’ असंच लिहून घ्या.

शाळा कौलारू असेल तर एक बदल करावा लागतो. छपराचं आढं भिंतीच्या वर नसतं, इमारतीच्या मधोमध असतं. म्हणून भिंतीपर्यंतच्या अंतरात इमारतीची निम्मी रुंदी मिळवायची. रुंदी 6 मीटर असेल तर 9 मीटरऐवजी 12 धरायचे. नाहीतर डोळ्याच्या वरची उंची चतुर्थांशाने कमी भरते.