लंबकाचा प्रयोग: ‘त्रुटींचे विश्लेषण’ लिहिताना या चुका टाळा

साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण g काढायच्या प्रयोगाची जर्नलं तपासताना शेवटच्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: ‘हवेचा रोध, मानवी चूक आणि स्टॉपवॉचच्या मर्यादा यांमुळे उत्तरात थोडा फरक आला.’ उत्तर ९.४ असो की १०.८, वाक्य तेच. पुढच्या वर्षी ओहमच्या नियमाच्या प्रयोगातही हवेचा रोध सापडला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

या वाक्याची अडचण अशी की ते खोटं ठरूच शकत नाही. फरक किती आला, g कमी आला की जास्त, आणि ज्याच्या माथी दोष मारलाय त्याच्यामुळे तेवढा आणि त्याच दिशेचा फरक पडू शकतो का, हे त्यात कुठेच नसतं. त्रुटींच्या विश्लेषणात नेमकं हेच लिहायचं असतं. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण घेऊ. आकडे मी सोपे केलेत, चुका मात्र दरवर्षीच्याच आहेत.

त्याने दोऱ्याची लांबी L = ९८.८ सेंमी मोजली आणि २० दोलनांचा वेळ पाच वेळा घेतला: ४०.१२, ४०.३१, ४०.०८, ४०.२६ आणि ४०.१८ सेकंद. सरासरी ४०.१९, म्हणजे दोलनकाल T = २.००९५ सेकंद. g = 4π²L/T² या सूत्रात आकडे घातल्यावर उत्तर आलं ९.६५९२. त्याने लिहिलं: ‘g = ९.६५९२ ± ०.०१५ मी/से². प्रमाणित मूल्य ९.८१. टक्केवारी त्रुटी १.५. कारण: हवेचा रोध आणि मानवी चूक.’

± चा आकडा आला कुठून?

त्याने लांबीला मीटरपट्टीचं एक मिलिमीटर आणि वेळेला स्टॉपवॉचचं लघुतम माप ०.०१ सेकंद धरलं, वेळेला २० ने भागलं आणि वेळेचा प्रश्न मिटवला. पण त्याची स्वतःची रीडिंग ४०.०८ पासून ४०.३१ पर्यंत पसरली आहेत. त्यांच्यातच ०.२३ सेकंदाचा फरक असताना वेळ ०.०१ सेकंदापर्यंत माहीत आहे असं म्हणता येत नाही. घड्याळ शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारा अंगठा तेवढा नेमका नसतो.

इथे बहुतेक जण ‘माणसाचा प्रतिक्रिया-काळ ०.२ सेकंद’ असं लिहून मोकळे होतात. तेही अर्धवटच आहे. सुरू करताना ०.२ सेकंद उशीर झाला आणि थांबवतानाही तेवढाच झाला, तर दोन्ही उशीर एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो या दोन उशिरांमधला फरक, आणि तो दर वेळी वेगळा असतो. तो पुस्तकातून उचलायची गरजच नाही, पाच रीडिंगच्या पसरटपणात तो समोर दिसतो. या रीडिंगचं प्रमाण विचलन साधारण ०.०९५ सेकंद येतं. पाचच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची अनिश्चितता मिळते, सुमारे ०.०४ सेकंद. ही २० दोलनांची झाली. एका दोलनाला ०.०४/२० = ०.००२ सेकंद.

वीसने भागायला विसरणं ही उलट्या टोकाची चूक. T = २.०१ ± ०.२ असं लिहिलं की g मध्ये २० टक्के अनिश्चितता येते आणि २० दोलनं मोजल्याचा सगळा फायदा पाण्यात जातो. बटणाची गडबड तेवढीच राहावी पण ती वीस दोलनांत वाटली जावी, म्हणून तर आपण वीस मोजतो.

आता बेरीज करू. सूत्रात T चा वर्ग आहे म्हणून त्याची टक्केवारी दुप्पट होते: २ × ०.००२/२.०१, म्हणजे ०.२ टक्के. लांबीसाठी मीटरपट्टीचं एक मिलिमीटर धरू नका. आधाराच्या बिंदूशी पट्टी धरताना आणि खाली गोळ्याशी डोळा लावताना दोन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात, म्हणजे आणखी ०.२ टक्के. थेट बेरीज केली तर ०.४ टक्के, म्हणजे g मध्ये ± ०.०४. मग उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यात काही अर्थ राहत नाही. ते ९.६६ ± ०.०४ असं लिहायचं.

तुलना कोणाशी?

९.८१ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसलाय, पण तो आपल्या अक्षांशावरचा नाही. विषुववृत्ताकडे जाताना g कमी होत जातो. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं, त्यामुळे लंबक आखूड करावा लागला. पुण्यात g सुमारे ९.७८ आहे, मुंबईत त्याहून किंचित जास्त. ९.८१ शी तुलना केली तर ०.०३ ची ‘त्रुटी’ तुम्ही विनाकारण स्वतःच्या अंगावर ओढून घेता.

तरीही ९.६६ आणि ९.७८ मध्ये ०.१२ चं अंतर राहतंच, आपल्या ± च्या तिप्पट. बटणाच्या गडबडीने ते भरून निघणार नाही. म्हणजे प्रत्येक रीडिंगला एकाच दिशेने ढकलणारं दुसरं काहीतरी आहे. आता आरोपी शोधायचा, पण त्याची ताकद मोजून.

हवेवर खापर

पितळेचा गोळा असेल तर हवेच्या उत्प्लावक बलामुळे त्याचं परिणामी वजन हवा आणि पितळ यांच्या घनतांच्या गुणोत्तराइतकं कमी होतं: १.२/८५००, म्हणजे सुमारे ०.०१४ टक्के. आपल्याला हिशेब लावायचाय १.२ टक्क्यांचा. रोधामुळे झोका हळूहळू लहान होतो हे खरं, पण त्याने दोलनकालावर होणारा परिणाम त्याहूनही नगण्य असतो. शंभर दोलनांत झोका निम्मा होत असेल तर दोलनकाल दहा लाखांत एक भाग एवढाही बदलत नाही. हवेची दिशा बरोबर आहे, ती g कमीच दाखवते, पण एवढा फरक पाडायची तिची ऐपत नाही.

झोक्याचा कोन

‘कोन लहान ठेवला’ असं लिहून पुढे जाऊ नका, किती लहान ते लिहा. मोठ्या झोक्यात दोलनकाल वाढतो. कोन रेडियनमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि १६ ने भागायचं, की दोलनकालाच्या साधारण कितव्या भागाएवढी वाढ झाली ते कळतं. १० अंशाला T ०.१९ टक्क्याने वाढतो, म्हणून g ०.३८ टक्क्याने कमी येतो, म्हणजे आपल्या ± ०.०४ एवढाच. ३० अंशाला g ९.४५ च्या आसपास उतरतो. एक मीटरच्या लंबकाला १० अंश म्हणजे गोळा बाजूला सुमारे १७ सेंमी ओढणं. आपल्या विद्यार्थ्याने ८ सेंमी ओढला होता. त्याने g मध्ये ०.०१ चाही फरक पडत नाही. हाही आरोपी निर्दोष.

वीस मोजताना एकोणीस

स्टॉपवॉच सुरू करताना ‘एक’ म्हटलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं होतात. या चुकीचा ठसा इतका स्पष्ट असतो की उत्तर पाहूनच ओळखता येतो: g (२०/१९) च्या वर्गाने, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो आणि १०.८ च्या आसपास येतो. उलट वीस समजून एकवीस दोलनांचा वेळ घेतला गेला तर ८.९ च्या जवळ. म्हणून १०.८ आला तर गुरुत्वाकर्षणावर शंका घेऊ नका, ‘शून्य’ म्हणून सुरुवात करून पुन्हा मोजा. मोजणी मधल्या स्थितीवर खूण करून करा. तिथे गोळा सर्वांत वेगात असतो, त्यामुळे ‘आत्ता गेला’ हा क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो आणि अंगठा गोंधळतो. आपल्या उदाहरणात ९.६६ आहे, म्हणजे मोजणी बरोबर आहे.

लांबी कुठपर्यंत?

उरली लांबी. ‘९८.८ कुठून कुठपर्यंत मोजलंस?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘गाठीपासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत, सर.’ व्हर्निअर कॅलिपरने त्याने गोळ्याचा व्यास २.४ सेंमी मोजलेला होता, जर्नलमध्ये तो व्यवस्थित लिहिलेलाही होता. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, त्यासाठी त्रिज्या मिळवायची तेवढी राहिली. ९८.८ + १.२ = १०० सेंमी, आणि g = ९.७८. पूर्ण १.२ टक्के, योग्य दिशेने.

पण विचारायला समोर विद्यार्थी नसता तर? तर त्याच्या तक्त्यानेच सांगितलं असतं. त्याने ३८.८, ५८.८ आणि ७८.८ सेंमीलाही रीडिंग घेतली होती. तिथे g अनुक्रमे ९.४९, ९.५८ आणि ९.६३ आले होते. लांबी वाढत जाईल तसा g वाढतोय. कुठलीही रोजची गडबड असा क्रम लावून येत नाही. लांबीत ठरावीक १.२ सेंमी कमी पडत असतील तर आखूड लंबकाला त्याचा फटका जास्त बसतो, म्हणून हा जिना. त्याने या चारही आकड्यांची सरासरी काढून ९.५९ लिहिलं असतं, तर सगळ्यांत बोलका पुरावा त्या सरासरीत पुरला गेला असता.

आलेख काढताना तीच गत होते. L आडव्या अक्षावर, T² उभ्या अक्षावर, आणि रेषा ‘सूत्राप्रमाणे’ जबरदस्तीने शून्यातून नेलेली. बिंदूंना जिथे जायचंय तिथे रेषा जाऊ द्या. या विद्यार्थ्याचे बिंदू मागे वाढवले तर रेषा लांबीच्या अक्षाला −१.२ सेंमीपाशी छेदते: विसरलेली त्रिज्या आलेखावर लिहून ठेवल्यासारखी. आणि रेषेच्या चढावरून काढलेला g या विसरण्याने बिघडतच नाही, कारण सगळे बिंदू सारखेच सरकलेत. ३८.८ आणि ९८.८ सेंमीचे बिंदू घेतले तर लांबीतला फरक ०.६ मी, T² मधला फरक २.४२२, आणि g पुन्हा ९.७८.

त्या विद्यार्थ्याने शेवटी जर्नलमध्ये लिहिलेला परिच्छेद असा होता: ‘पाच रीडिंगवरून २० दोलनांच्या सरासरी वेळेची अनिश्चितता ०.०४ सेकंद, लांबीची ०.२ सेंमी. त्यावरून g = ९.७८ ± ०.०४ मी/से². झोका सुमारे ५ अंश होता, त्याने g ०.०१ पेक्षा कमी फरकाने कमी येतो. हवेचा परिणाम त्याहून कमी. पहिल्या हिशेबात गोळ्याची त्रिज्या धरली नव्हती, त्यामुळे ९.६६ आले होते. T²–L आलेखाच्या आंतरछेदावरून ते लक्षात आले.’ ‘मानवी चूक’ हे शब्द त्यात कुठेच नव्हते. चूक मात्र होती, सेंटिमीटरमध्ये.