कार्ड स्लॉट नसलेला फोन: किती जीबी घ्यायचे? हिशेबातल्या या चुका टाळा

कार्ड स्लॉट असलेल्या फोनमध्ये जागेचा अंदाज चुकला तर नवं कार्ड आणून भागतं. स्लॉट नसेल तर तशी सोय नाही. स्टोरेजची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे घेताना जितके जीबी घेतले तितकेच फोन बदलेपर्यंत. आयफोनला कार्ड स्लॉट कधीच नव्हता, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतून तो २०२१ साली गेला, आणि आता मधल्या किमतीचे बरेच फोनही त्याच वाटेने निघाले आहेत. म्हणून हा हिशेब दुकानात जाण्याआधी, घरी बसून करायला हवा.

माझी आत्येबहीण इंदूरला कथकचा क्लास चालवते. तिच्यासाठी आम्ही हा हिशेब केला, तोच इथे मांडतो. तिचा जुना फोन तीन वर्षांचा, ६४ जीबीचा, आणि त्यात १२८ जीबीचं कार्ड. जेल रोडवरच्या दुकानात तिला जो फोन आवडला त्याला स्लॉट नव्हता. दुकानदार म्हणाला, “दीदी, १२८ बहुत है.” ताईलाही ते पटलं, कारण जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये “५३ जीबी वापरले” असं दिसत होतं. ५३ च्या जागी १२८ म्हणजे दुपटीहून जास्त, मग अडचण कसली?

पहिली चूक: फक्त फोनचा आकडा पाहणं

त्या ५३ मध्ये कार्ड धरलेलं नव्हतं. तिचा कॅमेरा सगळे फोटो-व्हिडिओ थेट कार्डावर टाकत होता आणि कार्डावर ७१ जीबी भरले होते. दोन्ही मिळून १२४. म्हणजे सगळं उचलून नव्या फोनमध्ये टाकलं असतं तर १२८ चा फोन पहिल्याच दिवशी काठोकाठ भरला असता.

५३ ची फोड अशी होती: सिस्टिम सुमारे २० जीबी, ॲप आणि त्यांचा डेटा २२, व्हॉट्सॲप ११. सिस्टिमचे हे वीसेक जीबी नव्या फोनमध्येही जातातच. डब्यावर १२८ छापलेलं असलं तरी आपल्या हातात १०८ च्या आसपास उरतात. कंपनीगणिक हा आकडा थोडा पुढे-मागे होतो, म्हणून दुकानातल्या डेमो फोनच्या स्टोरेजच्या पानावर “सिस्टिम”ची ओळ पाहून घ्या.

कार्ड कॉम्प्युटरला लावून मोजणार असाल तर एक लक्षात ठेवा. विंडोज जीबी १०२४ च्या पटीत मोजतो आणि फोनची सेटिंग्ज सहसा १००० च्या पटीत. १२८ जीबीचं कार्ड विंडोजवर ११९ च दिसतं. विंडोजवर मोजलेल्या आकड्यात सात टक्के मिळवले की तो फोनच्या आकड्याशी जुळतो.

दुसरी चूक: एकूण भरलेल्या जागेला वर्षांनी भागणं

७१ जीबी, तीन वर्षं, म्हणजे वर्षाला २४. हा हिशेब सरळ दिसतो, पण फसवतो. कार्डावरच्या फाइली तारखेप्रमाणे लावून फक्त शेवटच्या बारा महिन्यांच्या निवडल्या, तर त्यांचा आकार निघाला ४७ जीबी. आधीच्या दोन वर्षांत मिळून फक्त २४. कारण उघड होतं. मुलींना स्वतःच्या चुका दिसाव्यात म्हणून ताई गेल्या वर्षापासून दर आठवड्याला सरावाचा व्हिडिओ घेऊ लागली होती. माणसाची सवय बदलते आणि फोन पुढच्या काळासाठी घ्यायचा असतो, म्हणून शेवटचं वर्ष तेवढं मोजावं. आणि पूर्ण वर्षच मोजावं. इंदुरात रंगपंचमीची गेर ही मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या या दोन दिवसांतच एवढं चित्रण होतं, की फक्त मे-जून मोजले तर हिशेब हमखास कमी निघतो.

त्या ४७ जीबीमध्ये ८ जीबी फोटो होते, साधारण २,४०० फोटो, एक फोटो साडेतीन एमबीचा. उरलेले ३९ जीबी व्हिडिओचे, म्हणजे ३०० मिनिटं. वर्षभराचे पाच तास ऐकायला फार वाटत नाहीत, पण जागा त्यांनीच खाल्ली आहे.

तिसरी चूक: नवा कॅमेरा जुन्याइतकीच जागा घेईल असं धरणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

फोटोंचा फरक मोठा नाही. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या मोडमध्ये चार पिक्सेल एकत्र करून बारा-साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, त्याला साधारण चार एमबी धरा. मात्र पूर्ण ५० मेगापिक्सेलचा मोड चालू करून ठेवलात तर एकेक फोटो दहा एमबीच्या वर जातो. ताईसाठी नेहमीचा मोड धरला, वर्षाचे १० जीबी.

व्हिडिओचं मात्र तसं नाही. तिचा जुना फोन १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम असं चित्रण करायचा. व्हिडिओ आवळून साठवण्याच्या जुन्या एच.२६४ पद्धतीत त्याचं एक मिनिट साधारण १३० एमबी होतं. त्याच पद्धतीत ४के ३० फ्रेमचं एक मिनिट ३५० एमबीच्या आसपास जातं. म्हणजे सवय तीच, मिनिटं तीच ३००, पण ३९ जीबीच्या जागी १०५ जीबी. फरक फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या एका बटणाचा.

एचईव्हीसी ही नवी पद्धत चालू केली तर जागा साधारण निम्मी लागते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपलने स्वतःच आकडे दिले आहेत: १०८० पी ३० फ्रेमला मिनिटाला ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० आणि ४के ६० फ्रेमला ४००. मात्र एचईव्हीसी व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर कधी कधी उघडत नाही, तेव्हा घरचा कॉम्प्युटर आधी तपासून पाहा.

कागदावरच्या आकड्यांपेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे दुकानातच चाचणी घेणं. डेमो फोनवर तुम्ही नेहमी वापरणार ते रिझोल्यूशन आणि फ्रेमचा दर ठेवा, रस्त्यावरच्या वाहनांकडे धरून बरोबर एक मिनिट चित्रण करा आणि गॅलरीत त्या व्हिडिओची माहिती उघडा. तिथे दिसणारे एमबी गुणिले तुमची वर्षाची मिनिटं. ताईने १०८० पी आणि जुनी पद्धतच ठेवायची ठरवली, कारण क्लासच्या लॅपटॉपवर एचईव्हीसी चालत नव्हतं. म्हणजे वर्षाला ३९ जीबी.

चौथी चूक: ॲपचा आकार प्ले स्टोअरवर पाहणं

तिथे दिसतो तो डाउनलोडचा आकार. ॲप वापरायला लागलं की त्याचा डेटा वाढत जातो, आणि खरी जागा तो घेतो. सेटिंग्जमध्ये ॲपची यादी आकाराप्रमाणे लावा आणि वरची आठ-दहाच पाहा, खालच्या पन्नास ॲपनी काही बिघडत नाही. व्हॉट्सॲपसाठी त्याच्या आतल्या “मॅनेज स्टोरेज”मध्ये जा. ताईच्या ११ जीबीपैकी बराचसा भाग पालकांच्या ग्रुपवर पाठवलेल्या व्हिडिओंचा होता. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप पाठवलेल्या व्हिडिओची वेगळी प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे एकच व्हिडिओ गॅलरीत एकदा आणि तिथे एकदा. वाढ धरली ती व्हॉट्सॲपची वर्षाला ४ जीबी आणि बाकी ॲपची ३.

आता बेरीज

वर्षाची वाढ: व्हिडिओ ३९, फोटो १०, व्हॉट्सॲप ४, ॲप ३. एकूण ५६ जीबी.

१२८ चा फोन: सिस्टिमचे २० वजा, १०८. ॲप आणि व्हॉट्सॲपचे आजचे ३३ वजा, ७५. दहा टक्के, म्हणजे १३ जीबी कायम मोकळे ठेवायचे, उरले ६२. कार्डावरचं काहीही आणलं नाही तरी तेरा महिन्यांत फोन भरला.

२५६ चा फोन: त्याच रीतीने २० आणि ३३ वजा, २०३. मोकळे ठेवायचे २६, उरले १७७. कार्डावरचं आणलं नाही तर तीन वर्षांहून थोडं जास्त. ते ७१ जीबीही फोनमध्येच हवे असतील तर १०६ उरतात, म्हणजे दोन वर्षंही पुरती नाहीत. आणि ४के चालू केलं तर वाढ वर्षाला १२२ होते, मग रिकाम्या हाताने सुरुवात केली तरी दीड वर्षाच्या आत जागा संपते.

मोकळे ठेवलेले दहा टक्के वाया गेले असं समजू नका. सिस्टिम अपडेटला काही जीबी लागतात, आणि फोन काठोकाठ भरला की तो अडखळतो, कॅमेरा ऐन वेळी चित्रण थांबवतो.

ताईने २५६ चा फोन घेतला आणि कार्डावरचं जुनं चित्रण बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. सगळं जुनं खिशात हवंच असतं, तर तिला ५१२ चाच सल्ला दिला असता.

क्लाउडच्या भरवशावर कमी जीबी घेणं

गुगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फुकटचे १५ जीबी मिळतात, तेही मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. आयक्लाउडवर ५ जीबी. वर्षाला ५६ जीबी वाढणाऱ्या माणसाला यातून काही मिळत नाही. पैसे भरून जागा घेतली तरी बॅकअप झाला म्हणून फोनमधली जागा आपोआप सुटत नाही, “फ्री अप स्पेस” आपल्याला दाबावं लागतं.

जुनं कार्ड काढण्यापूर्वी

कार्ड “इंटर्नल स्टोरेज” म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते त्या एकाच फोनशी बांधलेलं आणि एन्क्रिप्ट केलेलं असतं. कॉम्प्युटरला लावलं तर “फॉरमॅट करायचं का?” असं विचारतो. हो म्हणू नका. कार्ड परत जुन्या फोनमध्ये घाला, फोन केबलने जोडा आणि फाइली तिथूनच उतरवा. तोपर्यंत तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रिसेटही करू नका.

हिशेबापेक्षा लवकर भरत असेल तर

५६ भागिले १२, म्हणजे महिन्याला पावणेपाच जीबीच्या आसपास. पहिले तीन महिने दर एक तारखेला मोकळी जागा लिहून ठेवा. सणाचा महिना सोडून सहा-सात जीबी कमी होऊ लागले तर आधी कॅमेऱ्याची सेटिंग पाहा. घरातल्या कुणीतरी ४के किंवा ६० फ्रेम दाबून ठेवलेलं असतं. मग मोशन फोटो चालू आहे का पाहा, कारण त्यात प्रत्येक फोटोसोबत छोटा व्हिडिओ साठतो. व्हिडिओ पुसूनही जागा वाढली नसेल तर तो गॅलरीच्या कचरापेटीत आहे. बहुतेक फोनमध्ये तिथे तो ३० दिवस राहतो, पेटी हाताने रिकामी करावी लागते. पहिल्याच दिवशी काही जीबी कमी दिसले तर स्टोरेजमधून रॅम वाढवण्याची सोय चालू असेल. ती चार-आठ जीबी अडवून ठेवते आणि बंद करता येते. हे सगळं ठीक असूनही वाढ तशीच राहिली, तर तुमची वर्षाची मिनिटं खरोखर वाढली आहेत. मग नवा आकडा धरून बेरीज पुन्हा मांडा आणि हार्ड डिस्कवर उतरवण्याचं काम दर सहा महिन्यांनी करा.