पाकिटावरच्या पोषण तक्त्याचा फोटो काढताय? या चुका टाळा

आईला बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलंय. म्हणून मी आणि ताई घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटामागच्या तक्त्याचा फोटो काढतो आणि आकडे शीटमध्ये भरतो. ताई परळला, मी बोरिवलीला, त्यामुळे ती फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते आणि मी रात्री जेवण झालं की बसून टाइप करतो. यातच खाकऱ्याचा घोळ झाला.

पाकीट 200 ग्रॅमचं, आत 10 खाकरे. तक्त्यात टक्क्यांचा सोडून दोन रकाने होते, एक 100 ग्रॅमचा आणि दुसरा एका सर्व्हिंगचा, म्हणजे 40 ग्रॅमचा, म्हणजेच दोन खाकरे. 100 ग्रॅमला 450 कॅलरी आणि 700 मिलीग्रॅम सोडियम, सर्व्हिंगला 180 कॅलरी आणि 280 मिलीग्रॅम सोडियम. ताईने फोटो जवळून काढला, आकडे मोठे दिसावेत म्हणून, आणि वरची हेडिंगची ओळ कापली गेली. पाकीट चुरगळलेलं, खालच्या ओळी तिरक्या गेलेल्या, मी कॅलरी उजव्या रकान्यातली घेतली आणि सोडियमपर्यंत येताना डाव्या रकान्यात घसरलो. शीटमध्ये दोन खाकऱ्यांना 180 कॅलरी आणि 700 मिलीग्रॅम सोडियम. दिवसाच्या 2000 मधले 700 नाश्त्यालाच गेले म्हटल्यावर आईने दोन आठवडे खाकरा बंद केला, आणि तिला तो फार आवडतो हो.

तर पहिली चूक फोटोतच होते. हेडिंगची ओळ फोटोत नसेल तर तो फोटो निम्मा वाया गेला समजा. सर्व्हिंग किती ग्रॅमची हे बऱ्याचदा तक्त्याच्या आत नसतंच, वर किंवा खाली बारीक अक्षरात, कधी पाकिटाच्या शिवणीवर असतं, त्याचा वेगळा फोटो घ्या, आणि निव्वळ वजनाचाही एक घ्या. चकचकीत पाकिटावर फ्लॅश मारू नका, मधोमध पांढरा डाग येतो आणि दशांश चिन्ह आधी गायब होतं, 2.5 चे 25 होतात. आम्ही आता माल डब्यात ओतला की पाकीट कात्रीने उभं कापतो, खिडकीजवळ सपाट ठेवतो आणि मग फोटो काढतो.

दुसरी चूक म्हणजे रकाना न ओळखता आकडे भरायला घेणं. हेडिंग दिसत नसेल तर प्रोटीन, कार्बोहायड्रेट आणि फॅटचे ग्रॅम मिळवून बघा. आमच्या खाकऱ्यात 11, 62 आणि 17.5, बेरीज 90.5, म्हणजे हा 100 ग्रॅमचाच रकाना, कारण 40 ग्रॅमच्या खाण्यात 90 ग्रॅम माल मावणार कसा. फक्त हे कोरड्या खाण्यालाच चालतं. दूध, ताक, सरबत यात बहुतेक पाणीच, तिथे 100 मिलीलीटरची बेरीजही छोटीच येते, त्यावरून काही ठरवू नका.

मग कॅलरी जुळवा: प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमला 4 ने गुणा, फॅटला 9 ने. 44 अधिक 248 अधिक 157.5, म्हणजे 449.5, पाकिटावर 450, जुळलं. पण नीट लक्षात घ्या, सर्व्हिंगचा रकाना घेतला तरी हा हिशोब जुळतोच, त्यामुळे रकाना कोणता ते यातून कळत नाही, दोन रकान्यांची सरमिसळ झालीय का तेवढंच कळतं. आणि सोडियमला कॅलरी नसतात, म्हणून माझी चूक यात सापडलीच नसती.

सोडियमसाठी टक्क्यांचा रकाना कामाला येतो. आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे पाकिटावर आकडे 100 ग्रॅमचे (एका वेळी संपणारं छोटं पाकीट असेल तर अख्ख्या पाकिटाचे) आणि आरडीएचे, म्हणजे दिवसभराच्या ठरवून दिलेल्या प्रमाणाचे, टक्के मात्र एका सर्व्हिंगचे असतात. म्हणजे एकाच ओळीत दोन वेगळी मापं शेजारी शेजारी! हे टक्के 2000 कॅलरी, 67 ग्रॅम फॅट आणि 2000 मिलीग्रॅम सोडियम धरून काढतात. आमच्या पाकिटावर सोडियमपुढे 14 टक्के होतं. 2000 चे 14 टक्के 280, म्हणजे दोन खाकऱ्यांचं सोडियम 280, 700 नाहीच. सर्व्हिंग किती ग्रॅमची ते फोटोत आलं नसेल तर तेही इथूनच निघतं, 280 भागिले 700 म्हणजे 0.4, म्हणजे 40 ग्रॅम. टक्के राउंड केलेले असले तर एखाद दोन ग्रॅम इकडेतिकडे होईल, आणि 1-2 टक्केच लिहिलेले असतील तर फरक बराच पडतो, तेव्हा जास्त टक्केवाली ओळ घ्या.

आता शीटमध्ये मी फक्त 100 ग्रॅमचेच आकडे भरतो, सर्व्हिंगचे ग्रॅम वेगळ्या रकान्यात, आणि आईने खरंच किती खाल्लं ते किचनच्या काट्यावर मोजून तिसऱ्यात, गुणाकार शीट करते. ज्या जुन्या फोटोत हेडिंग नाही आणि टक्केही वाचता येत नाहीत त्यांच्या ओळी रिकाम्या ठेवल्यात, ते पाकीट पुन्हा घरात आलं की ताई नवा फोटो पाठवते.