गोव्यातल्या भागीदाराने पेढीचे पैसे रिटर्नमध्ये कसे दाखवावेत

म्हापशात दोन मेहुण्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे असं धरू. करारात लिहिल्याप्रमाणे प्रत्येकाला वर्षाला ३,६०,००० रुपये पगार आणि १० लाखांच्या भांडवलावर १२ टक्क्यांनी १,२०,००० व्याज मिळतं. उरलेल्या नफ्यावर पेढीने ३० टक्के कर आणि सेस भरला, मग प्रत्येकाच्या खात्यात ९६,३२० जमा झाले.

आधी पेढीच्या खतावणीतून आपलं भांडवल खातं काढा आणि या तीन रकमा वेगळ्या लिहा. ९६,३२० वर पेढीने कर भरलेलाच आहे, म्हणून कलम 10(2A) खाली भागीदाराला ते करमुक्त. ते रिटर्नच्या करमुक्त मिळकतीच्या तक्त्यात, Schedule EI मध्ये जातात. पगार आणि व्याज पेढीने खर्चात धरले, म्हणजे तिथे त्यांवर कर लागलाच नाही. तो भागीदाराकडे लागतो. ४,८०,००० ही त्याची धंद्याची मिळकत.

इथे खूप जण घसरतात. नाव ‘पगार’ असलं तरी कायद्याने तो पगार नव्हे, त्यामुळे ७५,००० ची प्रमाण वजावट मिळत नाही. खात्री करायची असेल तर आपल्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, म्हणजे Form 26AS उघडा. नोकरीच्या पगाराची कपात कलम 192 खाली दिसते, भागीदाराची 194T खाली. १ एप्रिल २०२५ पासून पगार-व्याज वर्षाला २०,००० च्या वर गेलं की पेढी १० टक्के कर कापते, इथे ४८,०००.

गोव्यात हा फरक आणखी महत्त्वाचा. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार झाला नसेल, तर इथल्या नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक असते. अशा जोडप्याची पगार सोडून बाकी मिळकत कलम 5A प्रमाणे निम्मी-निम्मी वाटली जाते. नोकरीचा पगार वाटला जात नाही, पण भागीदाराचा ‘पगार’ धंद्याची मिळकत असल्याने वाटला जातो. चुकून पगाराच्या रकान्यात टाकला, तर बायकोचा निम्मा वाटा तिच्या नावावर येतच नाही.

म्हणून भागीदार नवऱ्याने धंद्याच्या मिळकतीचा फॉर्म ITR-3 घ्यावा आणि Schedule 5A मध्ये बायकोचा पॅन घालावा. धंद्याच्या ओळीत मिळकत ४,८०,०००, बायकोच्या वाट्याला २,४०,०००. कापलेला कर ४८,०००, तिचा वाटा २४,०००. तिनेही आपल्या रिटर्नमध्ये हेच आकडे उलट बाजूने दाखवावेत. तिला ITR-1 चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

दोघांची दुसरी मिळकत नसेल, तर २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत २,४०,००० ही रक्कम ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आतच आहे. कर शून्य, आणि कापलेले २४,००० प्रत्येकाला परत मिळतात. मात्र बायकोने रिटर्न भरला नाही, तर तिचे २४,००० अडकून राहतात. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हे सतत दिसतं, म्हणून मी दोघांचे पॅन आणि बँक खाती एकाच दिवशी मागून घेतो.