डॅकमधला जिटर रीक्लॉकिंगने कसा घालवला

सांगलीत घरी जुना सीडी प्लेअर कोॲक्स केबलने डॅकला, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या पेटीला, जोडलाय. तपासणीसाठी १० किलोहर्ट्झचा शुद्ध सूर लावून आउटपुट संगणकावर पाहिलं, तर सुराच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झ अंतरावर एकेक काडी उभी होती, सुरापेक्षा ८४ डेसिबल खाली. मग १ किलोहर्ट्झ लावला. काड्या आणखी २० डेसिबल खाली गेल्या. तिथेच कळलं की हा जिटर आहे, म्हणजे डॅकच्या घड्याळाचे ठोके पुढेमागे होतायत. आवाजाची पातळीच थरथरत असती तर काड्या तेवढ्याच राहिल्या असत्या.

आकडे बरोबर असतात, पण डॅक ते चुकीच्या क्षणी बाहेर सोडतो. लाट जितकी वेगाने चढते, तितकी तेवढ्याच वेळेची चूक मोठी होते, म्हणून वरच्या सुरांना फटका जास्त. ८४ डेसिबल म्हणजे घड्याळ फक्त २ नॅनोसेकंद पुढेमागे होत होतं. १०० हर्ट्झ म्हणजे घरच्या विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट, म्हणून प्लेअरच्या पॉवर सप्लायवर संशय गेला.

मी डॅकच्या चिपजवळ फिफो बफरचा बोर्ड बसवला. प्लेअरचे आकडे आधी त्यात साठतात आणि शेजारच्या २२.५७९२ मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या ठोक्यावर बाहेर पडतात; हेच रीक्लॉकिंग. क्रिस्टलची वायर मुद्दाम अगदी आखूड ठेवली. काड्या नॉइजखाली गेल्या.

मात्र प्लेअर आणि क्रिस्टल या दोन्ही घड्याळांत ५० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत ५० चा, फरक असला, तर सेकंदाला साधारण २ सॅम्पल साचतात किंवा कमी पडतात. अर्धा सेकंद साठा असेल तर पावणेतीन तासांनी खाट्‌ असा आवाज येणारच. आणि मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग करतानाच जिटर शिरला असेल, तर तो यानं निघत नाही.